मदत हवी आहे: शेअर विकलाच जात नाही, ग्रुपवर म्हणाले ‘बकरा झालास’

शिरोलीकर_नवा
नमस्कार मंडळी. शिरोलीत फौंड्रीत कामाला आहे, डीमॅट उघडून दोन महिने झाले. सोमवारी एका ग्रुपवर मेसेज आला: ‘रोज अपर लागतोय, बीटीएसटी करा, उद्या विकून मोकळे.’ मी 40 रुपयांनी 500 शेअर घेतले, म्हणजे 20,000 घातले. मंगळवारी विकायला गेलो तर ऑर्डरच रिजेक्ट झाली. बुधवारी ऑर्डर लागली, पण विकलं काहीच गेलं नाही. आज गुरुवार, भाव 34.30. ग्रुपवर विचारलं तर एकजण म्हणाला, ‘ऑपरेटरनं माल सोडला, तू बकरा झालास.’ हे शब्द मला कळत नाहीत. माझे पैसे अडकलेत का गेलेत, ते कुणीतरी सांगा.

पंचगंगा_काठ
भावा, लोअर लागला म्हणजे ट्रेडिंग बंद. मार्च 2020 मध्ये असंच झालं होतं, 45 मिनिटं सगळं थांबलं होतं. थांब, आपोआप उघडेल.

जुना_सबब्रोकर
नाही, ते वेगळं. 2020 ला निर्देशांकच 10 टक्के पडला म्हणून अख्खा बाजार थांबवला होता. एकट्या शेअरला लोअर लागला, म्हणजे भाव त्या दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकला, तरी व्यवहार चालूच असतो, फक्त घेणारा नसतो. शिरोलीकर, मोबाईलवर त्या शेअरची खरेदी-विक्रीची रांग उघड आणि दोन्ही बाजूंचे आकडे सांग. आणि मागच्या तीन आठवड्यांचा रोजचा व्हॉल्यूमही बघ.

शिरोलीकर_नवा
खरेदीच्या बाजूला शून्य. विक्रीला 3 लाख 80 हजार, सगळे 34.30 वर. व्हॉल्यूम आधी रोज चार-पाच हजार होता. सोमवारी एकदम 6 लाख.

जुना_सबब्रोकर
तुझं उत्तर त्या सोमवारातच आहे. आधी रोज अपर लागत होता, म्हणजे भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला टेकत होता, तेव्हा विकणारा नव्हता, म्हणून चार-पाच हजार शेअरवरच भाव चढत गेला. स्वस्तात गोळा केलेला माल हातात धरून भाव चढवणारा तो ऑपरेटर. पण चढलेला भाव कागदावरच राहतो, पैसे करायला घेणारे लागतात. ते आणायला मेसेज फिरतो. सोमवारी 6 लाख शेअर तुझ्यासारख्यांनी घेतले, मग विकले कुणी? ह्यालाच माल सोडणं म्हणतात, आणि त्या दिवशी शेवटी जो घेतो त्याला बाजारात बकरा म्हणतात. शब्द वाईट आहे, मनाला लावून घेऊ नकोस. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात निदान माल डोळ्यासमोर फोडून दाखवतात, इथं तेवढंही नसतं.

आता बीटीएसटी. आज घ्या, उद्या विका, एवढाच त्याचा अर्थ. पण तुझा शेअर ट्रेड-टू-ट्रेड गटात असणार, म्हणूनच मंगळवारी ऑर्डर रिजेक्ट झाली. त्या गटात शेअर खात्यात जमा झाल्याशिवाय विकता येत नाही. सोमवारी घेतलेला मंगळवारी जमा झाला, विकायला बुधवार उजाडला. तोवर दोन लोअर लागून गेले: 40 चे 38, 38 चे 36.10. मेसेज टाकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

राजारामपुरी_८वी_गल्ली
माझंपण असंच झालं! एक्स्पायरीला झिरो-हिरो करायला गेलो, 6,000 चे दुपारी 300 राहिले.

जुना_सबब्रोकर
दादा, तो ऑप्शनचा विषय, तिथं मुदत संपली की बऱ्याचदा किंमतच संपते. ह्याचे शेअर खात्यात आहेत. वेगळा धागा काढा, सविस्तर बोलू.

पंचगंगा_काठ
बरं, 2020 चं माझं चुकलं. पण तीन लोअरनंतर उसळी येते हे मी स्वतः पाहिलंय. अजून 500 घेऊन अॅव्हरेज केलं तर 37.15 ला सुटेल की.

जुना_सबब्रोकर
उसळी येते, खरं आहे. तिलाच डेड कॅट बाउन्स म्हणतात. पण अशा शेअरमध्ये बऱ्याचदा उरलेला माल त्याच उसळीत सोडला जातो. अॅव्हरेज केलं की विकायचे शेअर 500 चे 1,000 होतात, आणि रांग तीच. घेणारा नाही, म्हणून तर तो अडकलाय.

शिरोलीकर, सगळे एकाच भावाला विकायला बसलेत, तेव्हा ज्याची ऑर्डर आधी त्याचा नंबर आधी. म्हणून उद्या 9 वाजता, बाजार सुरू व्हायच्या आधीचं प्री-ओपन उघडताच ऑर्डर टाक, साडेनवाला चहा पिऊन नको. भाव लोअरचाच लाव, 34.30 च्या पाच टक्के खाली, साधारण 32.60. अॅपमध्ये दिसेल तोच नेमका आकडा घाल.

कागलची_ताई
मी असते तर निम्मे विकून निम्मे ठेवले असते. कंपनीचा धंदा काय आहे, कुणी बघितलंय का?

जुना_सबब्रोकर
ताई, धंदा चांगला निघाला तर ठेवणंही चुकीचं नाही. नावाशिवाय मी त्यावर बोलणार नाही. आणि नाव इथं टाकूही नका, नवीन कुणीतरी घ्यायला जाईल. शिरोलीकर, त्या मेसेजचे स्क्रीनशॉट तेवढे ठेव, सेबीकडे तक्रार करता येते.

शिरोलीकर_नवा
शुक्रवार, दुपार. 9 ला ऑर्डर टाकली होती. 500 पैकी 140 गेले, 32.60 ला. बाकीचे 360 रांगेतच आहेत. ताई, कंपनीचा मागचा वार्षिक अहवाल उघडलाय, विक्रीच्या रकान्यात जवळपास काहीच नाही. सोमवारी परत 9 ला बसतो.