दोन रुग्णांचा दर चाळिसांपेक्षा जास्त?

> आमच्या वस्तीत डेंग्यूचे दोनच रुग्ण, शेजारी चाळीस. तरी हजारी दर आमचाच जास्त कसा?

गणित बरोबर आहे, भरवसा मात्र कमी. समजा तुमची वस्ती 400 लोकांची, शेजारची 20,000 ची. 2 भागिले 400 गुणिले 1000 म्हणजे हजारी 5. तिकडे 40 वरून हजारी 2. पण तुमच्याकडे एक रुग्ण कमी निघाला असता तर दर थेट 2.5 वर आला असता. तिकडे एकाने काहीच हलत नाही. निव्वळ योगायोगाची 95 टक्के मर्यादा काढली तर तिकडचा दर साधारण 1.4 ते 2.7, तुमचा 0.6 पासून 18 पर्यंत कुठेही! म्हणून रुग्ण 20 पेक्षा कमी असले की दराची तुलना टाळावी. तीन वर्षांचे रुग्ण एकत्र करा, पण मग भाजकही 400 गुणिले 3 घ्या. हे हमखास विसरतं.

आणि रुग्ण नागपूरच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयाच्या नोंदीतून मोजत असाल तर पत्ता तपासा. तिथे भंडारा-गोंदियाचेही रुग्ण येतात, त्यांना नागपूरच्या लोकसंख्येने भागलं की दर उगाच फुगतो.