मदत हवी आहे: नोटचे शेअर प्री-मनीत धरायचे का?

महापे, नवी मुंबईत आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे. आम्हा दोघांचे मिळून 10,000 इक्विटी शेअर, एकास एक बदलणारे 3,000 सीसीपीएस, ईसॉपसाठी राखीव 2,000. शिवाय 32 लाखांची बिनव्याजी कन्व्हर्टिबल नोट आहे: 20 टक्के सूट, कॅप नाही.

नवा गुंतवणूकदार 6 कोटी प्री-मनीवर 1.6 कोटी देतोय. नोटचे शेअर प्री-मनीबाहेर ठेवले तर भाव 4,000 रुपये येतो, आमचा वाटा नेमका 50 टक्के. आत घेतले की भाव साधारण 3,733, वाटा 49.1. एक्सेलमध्ये तीनदा तपासलं. सीए म्हणतात, नोटच्या करारात याबद्दल अक्षर नाही.

ईसॉप अजून कुणालाच दिलेले नाहीत, म्हणजे नोट आत घेतली तरी मतदानात आम्ही तूर्त 54 टक्क्यांवर. पण ते दिले आणि लोकांनी घेतले की संपलं.

टर्म शीटवर सही शुक्रवारी आहे. नोट बाहेर ठेवायला कुणी गुंतवणूकदाराला तयार केलंय का, आणि बदल्यात काय सोडावं लागलं?