मदत हवी आहे: मतदार नोंदणीची लांब पोस्ट एक्सवर तुकड्यांत कशी टाकावी?

पिंपळपार: आमच्या सोसायटीसाठी फेसबुकवर मतदार नोंदणीची माहिती लिहिली होती. एक्सवर २८० ची मर्यादा, म्हणून मजकूर भरेल तिथे तोडत सात पोस्ट केल्या. चौथीच जास्त शेअर झाली: "पत्ता बदलला असेल तर तो नाही, दुसरा भरायचा." लोक विचारतात, तो म्हणजे कुठला? काय करू?

रानवारा: प्रत्येक पोस्टला १/७, २/७ असे आकडे द्या. लोक मागे जाऊन वाचतील.

शाईदौत: आकड्यांनी क्रम कळेल, पण "तो" कोण ते कळणार नाही. शेअर झालेली पोस्ट बहुतेक जण तेवढीच वाचतात. मुळात मजकूर जागा संपली म्हणून तोडू नका, वाचणाऱ्याच्या प्रश्नावर तोडा. तुमच्याकडे प्रश्न तीनच दिसतात: नाव पहिल्यांदा नोंदवायचंय, पत्ता किंवा चूक बदलायचीय, यादीत नाव आहे का ते पाहायचंय. म्हणजे तीन पोस्ट, फार तर चार. तुमच्या जुन्या चौथीऐवजी पत्त्याची पोस्ट अशी लिहा:

"मतदार यादीत नाव आहे, पण घर बदललं? फॉर्म ८ भरा. फॉर्म ६ नको, तो पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांसाठी असतो. नव्या पत्त्याचा पुरावा जोडा. voters.eci.gov.in"

फॉर्मचं नाव आणि दुवा प्रत्येक पोस्टमध्ये पुन्हा येऊ द्या. लेखात ही पुनरुक्ती खटकेल, इथे तीच हवी. "त्यामुळे", "वरील", "हाच" हे शब्द पोस्टच्या सुरुवातीला दिसले की समजा, अर्थ मागच्या पोस्टमध्ये राहिलाय.

कोकणकडा: प्रीमियम घेतलं की मोठी पोस्ट टाकता येते. तुकडे करायचेच कशाला?

पिंपळपार: पैसे भरायचे नाहीयेत. शिवाय लोकांना हवा तेवढाच भाग पुढे पाठवता यायला हवा. पण शाईदौत, मी २८० अक्षरं मोजूनच लिहिलं, तरी मर्यादा ओलांडली असं दाखवत होतं.

शाईदौत: एक्स काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतं. "फॉर्म" डोळ्याला दोन अक्षरं, तिथे पाच. दुवा लहान असो की मोठा, २३ धरतात. म्हणून हाताने मोजू नका, लिहायच्या चौकटीतच मजकूर टाकून बघा. मी मराठीत २४० च्या आसपास थांबते.

मोगरा_७: ब्लूस्कायवर ३०० असतात आणि मात्रा अक्षरासकट एकच धरतात. माझी पाककृती तिथे एका पोस्टमध्ये बसली, एक्सवर दोन लागल्या. दुसरीत "मग ते मिश्रण" असं आलं, तेही चुकलंच म्हणायचं.

शाईदौत: हो, "भिजवलेलं बेसन" असं नाव घेऊन लिहायला हवं होतं. पिंपळपार, टाकण्याआधी मधली एकच पोस्ट बाकीचं न वाचलेल्या कुणाला तरी व्हॉट्सॲपवर पाठवा. त्यांनी "कसला फॉर्म?" विचारलं तर ती अजून अपुरी आहे.

रानवारा: पण आकडे काढले तर पुढे अजून आहे हे कसं कळणार?

शाईदौत: पहिल्या पोस्टमध्ये तिन्ही प्रश्नांची नावं द्या. आकडे शेवटी ठेवले तर चालतील, पण "२/४" पाहून काही जण अर्धवट समजून शेअर करत नाहीत असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकतं.

पिंपळपार: जुन्या सात काढून टाकू का? शेअर झालेलीही जाईल ना?

शाईदौत: जाईल. म्हणून ती चौथी राहू द्या, तिच्याच खाली उत्तर म्हणून फॉर्म ८ ची नवी पोस्ट जोडा. बाकी सहा काढा.