अनुभव धागा: मोबाईलवरून मोटर चालू केली, पण पाणी आलं का?

नाशिक जिल्ह्यात विहिरीवर आणि नदीवर मोबाईल स्टार्टर आता बरेच दिसतात. रात्रीच्या लाईटला बिबट्याच्या भीतीत बॅटरी घेऊन जावं लागत नाही, हे मोठं सुख. पण ‘मोटर चालू’ असा मेसेज आला तरी ठिबकला पाणी पोचलंय की नाही, हे घरी बसून कसं ओळखता? सेटिंग काय ठेवलंय, कुठे फसगत झाली, सविस्तर लिहा.

द्राक्षवाला_दिंडोरी: माझी ५ एचपीची पाणबुडी मोटर विहिरीत आहे आणि डबा सिमकार्डवाला आहे. बसवणाऱ्याने दोन्ही वॉल उघडे ठेवून अँपिअर पाहिले, ७ आले. त्यावरून त्याने ड्राय रन, म्हणजे करंट किती खाली आला की मोटर बंद करायची ते सेटिंग, ६ वर लावून दिलं. मोठ्या प्लॉटला सगळं सुरळीत चाललं. धाकट्या प्लॉटचा एकच वॉल उघडला की मात्र मोटर थोड्या वेळात बंद, आणि मेसेज ‘ड्राय रन’. विहिरीत पाणी भरपूर. आम्ही पाईपच्या तळाचा वॉल, फूटबॉल, काढायचा विचार करत होतो, मग समजलं की पाणबुडीला फूटबॉल नसतोच. दोष कुठे ते अजून पक्कं कळलं नाही.

वायरमन_पिंपळगाव: दोष सेटिंगचा आहे, दादा. डब्याला पाणी दिसत नाही, त्याला फक्त करंट दिसतो. एकच वॉल उघडा असला की पंप कमी पाणी उचलतो, भार कमी होतो आणि अँपिअर उतरतात. एकेक वॉल उघडून, पाणी नीट पडायला लागल्यावर, प्रत्येक वेळचा आकडा लिहून घ्या. समजा धाकट्या प्लॉटला ५.७ येतो. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली आणि मोटर हवा ओढायला लागली की तो ४.३ च्या आसपास येतो, असं धरू. मग सेटिंग या दोन्हींच्या मध्ये, ५ ला ठेवायचं. कोरडा आकडा मिळवायला मोटर मुद्दाम कोरडी चालवू नका, आतली बुशिंग पाण्यावरच गार राहतात. व्होल्टेज कमी-जास्त झालं की आकडे हलतात, म्हणून अगदी कडेला लावू नका.

निफाडची_ताई: आमचं उलट झालं. कांद्याच्या शेताकडे जाणारी पाईपलाईन बांधाजवळ फुटली. मोबाईलवर मोटर चालू, करंटही दिसतोय, आणि शेजाऱ्याच्या वावरात तळं. ड्राय रनने का नाही पकडलं?

वायरमन_पिंपळगाव: ताई, पाईप फुटला की पंपासमोरचा दाब जातो आणि तो जास्त पाणी फेकतो. त्यामुळे करंट बहुतेक वेळा कमी न होता थोडा वाढतो. ड्राय रन त्याला हात लावणार नाही, आणि ओव्हरलोडपर्यंतही तो पोचेलच असं नाही. रोजच्या आकड्यापेक्षा करंट वर दिसला की माणूस पाठवून लाईन बघायला लावा.

गंगापूररोड_फार्म: मी तर वायफायचा स्विच लावलाय, ना सिम ना रिचार्ज. तो कुठेही चालतो, सिमवाला घेऊच नका.

वायरमन_पिंपळगाव: घराजवळच्या १ एचपी सिंगल फेज बोअरला चालेल, तेही मध्ये कॉन्टॅक्टर लावून. शेतात थ्री फेजच्या वेळेत राउटरलाही लाईट असेलच असं नाही. दोन किलोमीटरवरच्या विहिरीला घरचा वायफाय पोचत नाही.

सिन्नर_डाळिंब: सिमवाल्याचं एक बघून घ्या, डबा टू-जीचा आहे की फोर-जीचा. टू-जीच्या डब्यात जिओचं सिम चालत नाही, त्यांच्याकडे टू-जी नाहीच. आणि रिचार्ज संपला की ऐन पाणी द्यायच्या वेळी डबा गप्प. बाकी, सोलर पंपाला हा स्टार्टर बसेल का? अनुदानाचा पंप आलाय, कुणी सांगेल का?

वायरमन_पिंपळगाव: सोलरला स्वतःचा कंट्रोलर असतो, महावितरणच्या लाईनवरचा डबा त्याला जोडू नका. कंपनीकडे विचारा.

नदीकाठ_चांदोरी: ऑटो-ऑनबद्दल कुणी बोललं नाही. आमच्या डीपीवर लाईट आली की सगळ्यांचे डबे एकदम मोटरी उचलायचे, व्होल्टेज पडायचं आणि निम्म्या मोटरी ट्रिप. आता प्रत्येकाने वेगळा वेळ लावलाय, कुणी एक मिनिट, कुणी तीन. दुसरं म्हणजे, मोटर काढायला माणूस विहिरीत उतरला तर केवळ फोनवर ‘बंद’ करून चालत नाही, घरातून कुणीही मिस्ड कॉल देऊ शकतं. मेन स्विच पाडून फ्यूजच्या ग्रिपा खिशात घ्यायच्या, मगच खाली उतरायचं.

द्राक्षवाला_दिंडोरी: वायरमन भाऊ, ५ वर लावलं. आज धाकट्या प्लॉटला मोटर टिकली. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेली की आकडा पुन्हा बघावा लागेल ना?

वायरमन_पिंपळगाव: हो. पातळी खाली गेली की पंपाला जास्त उंच उचलावं लागतं, तेव्हाचे आकडे वेगळे येतील. मे महिन्यात पुन्हा लिहून घ्या आणि इथे टाका.