मदत हवी आहे: गेन 18 वर नेला की सर्व्हो सिलिंडर थरथरतो

रिगवाला_भोसरी
नमस्कार. आमच्या टेस्ट रिगवर 600 किलोची ट्रॉली आडव्या सिलिंडरने मागेपुढे चालते. सिलिंडरला दोन्ही बाजूंना रॉड, बोअर 63, रॉड 45, स्ट्रोक 500 मिमी. सर्व्हो व्हॉल्व्ह खाली पॉवरपॅकवर आहे. तिथून वर 3 मीटरचे दोन रबरी होज, आतून 12 मिमी. कंट्रोलरमध्ये फक्त पी. गेन 9 प्रति सेकंद ठेवला तर 200 मिमी/सेकंदाला ट्रॉली 22 मिमी मागे राहते. मला 5 मिमी हवेत, म्हणजे गेन 40 लागतो. पण 18 ला पोचलो की ट्रॉली थरथरते, होज हाताला धडधडतात. व्हॉल्व्ह तर 80 हर्ट्झचा आहे. आणखी वेगवान व्हॉल्व्ह मागवावा का? खर्च मोठा आहे, म्हणून आधी विचारतोय.

मोल्डिंगकाका
आमच्या मोल्डिंग मशीनवर अगदी हेच झालं होतं. प्रपोर्शनल व्हॉल्व्हच्या स्पूलला ओव्हरलॅप होता, सिलिंडर जागेवर उभा असताना दोनेक सेकंदाला एकदा पुढेमागे डुलायचा. कार्डावर डेडबँड भरून घेतला आणि थांबलं. तेच करा.

तेलकट
तेल दाबलं जातं हो, ते स्प्रिंगसारखं वागतं. तुमची स्प्रिंग मऊ आहे. पंपाचा दाब 140 वरून 210 बार करा, कडक होईल.

लूपमास्तर
काका, तुमचा आजार वेगळा. तो सावकाश डुलायचा. इथे थरथर आहे. रिगवाले, थरथर सुरू होते त्या गेनवर हर्ट्झ किती, हे मोजा. एकदा ट्रॉली मधोमध ठेवून, एकदा टोकापासून 50 मिमीवर.

रिगवाला_भोसरी
मोजलं. मधोमध 14, टोकाजवळ जेमतेम 14.5.

लूपमास्तर
या दोन आकड्यांत बरंच काही आहे. पिस्टनच्या दोन्ही बाजूंचं तेल म्हणजे स्प्रिंग, ट्रॉली म्हणजे वजन. फक्त पी असलेला लूप उधळायच्या काठावर असतो तेव्हा याच स्प्रिंग-वजनाच्या फ्रिक्वेन्सीवर गातो, म्हणून तुमचे 14 हर्ट्झ हीच ती. मधोमधसाठी सूत्र, त्यात β तेलाचा कडकपणा, A पिस्टनचं क्षेत्रफळ, V दोन्ही बाजूंचं मिळून तेल, M ट्रॉलीचं वजन, ζ डॅम्पिंग आणि Kv गेन:

```
ω = sqrt(4·β·A² / (V·M))
Kv < 2·ζ·ω
```

14 हर्ट्झ म्हणजे ω 88. 18 ला थरथर, म्हणजे ζ साधारण 0.1. इतकं कमी डॅम्पिंग या सिलिंडरांत नेहमीचंच. व्हॉल्व्ह 200 हर्ट्झचा आणला तरी 18 ची हद्द फारशी हलणार नाही.

आता V बघा. सिलिंडरमध्ये तेल सुमारे 760 घनसेमी, दोन होजमध्ये 680. जवळजवळ तेवढंच, आणि वर रबर फुगतं. होज नसते तर टोकाजवळ एका बाजूचं तेल अगदी थोडं उरून फ्रिक्वेन्सी दीडपटीहून जास्त चढली असती. तुमची अर्ध्या हर्ट्झने चढली. म्हणजे मऊपणा बहुतांश होजमध्ये आहे.

तेलकट, स्प्रिंग बरोबर ओळखलीत. पण सूत्रात पंपाचा दाब नाही. तेलात हवा असेल तर दाबाने β थोडा सुधारतो, तेवढंच. आधी हवा काढा.

रिगवाला_भोसरी
व्हॉल्व्ह सिलिंडरवरच बसवला तर?

लूपमास्तर
β 1.2 गिगापास्कल धरला तर 25 हर्ट्झ येतात. ζ तेवढाच राहिला तर हद्द 31, त्यातले निम्मे वापरा. म्हणजे 15. 40 तरीही नाही.

रिगवाला_भोसरी
मग 5 मिमी कसे गाठू? गेल्या वर्षी व्हॉल्व्ह वरच होता, ट्रॉलीच्या धक्क्यांनी त्याचा कनेक्टर दोनदा तुटला, म्हणून खाली आणला.

लूपमास्तर
मागे राहणं कमी करायला गेनच लागतो असं नाही. हव्या असलेल्या वेगाचा सिग्नल थेट व्हॉल्व्हला जोडा, फीडफॉरवर्ड. लूपच्या स्थिरतेला धक्का लागत नाही. गेन 9 वर असताना व्हॉल्व्हचा प्रवाह 80 टक्के बरोबर ओळखला तरी 22 चे साडेचार उरतील. मात्र ट्रॉलीला बाहेरून धक्का बसला तर ती किती हलेल, ते गेनवरच राहील.

तेलकट
आम्ही दोन्ही पोर्टच्या मध्ये बारीक छिद्राचा बायपास टाकला होता. ζ वाढतो, थरथर गेली.

लूपमास्तर
जाते, पण सतत गळती होते आणि लोड आला की पोझिशन सरकते. मी दोन्ही पोर्टवर प्रेशर सेन्सर लावून दाबातला फरक गाळून लूपमध्ये परत देतो. फिल्टर असा, की फक्त बदलता दाब जाईल, स्थिर नाही.

तेलकट
सेन्सर, फिल्टर, कार्ड, रात्रपाळीला हे कोण सांभाळणार? छिद्र बिघडत नाही.

रिगवाला_भोसरी
नवा व्हॉल्व्ह रद्द. रविवारी हवा काढून पुन्हा 14 मोजतो, मग फीडफॉरवर्ड. कनेक्टरसाठी लवचिक ब्रॅकेट कुणी वापरलाय का? तो टिकला तर व्हॉल्व्ह परत वर नेईन.