ट्रॅकिंग एरर कमी तो फंड चांगला, की इन्फर्मेशन रेशो जास्त तो?

धरणगावकर: निफ्टी 50 चे दोन इंडेक्स फंड समोर आहेत. 'अ' गेल्या वर्षी बेंचमार्कच्या 0.30 टक्के मागे राहिला, ट्रॅकिंग एरर 0.05. 'ब' 0.60 टक्के मागे, एरर 0.40. भागाकार केला तर इन्फर्मेशन रेशो 'अ'चा उणे 6, 'ब'चा उणे 1.5. म्हणजे 'ब' सरस धरायचा का?

पारोळा_रोड: रेशो सोडा भाऊ. एरर म्हणजे फंडाने निर्देशांकापेक्षा किती कमी दिलं तो आकडा. ज्याचा कमी, तो घ्या. 'अ' घ्या, विषय संपला.

शिरपूर_हिशोब: निवड बरोबर आहे, कारण चुकलं. किती कमी दिलं हे ट्रॅकिंग डिफरन्स सांगतो. एरर सांगतो तो रोजच्या फरकाचा चढउतार. रावेरचा केळीचा काटा घ्या. दर क्विंटलला नेमकं एक किलो कमी दाखवणारा काटा एररच्या भाषेत निर्दोष ठरतो, कारण त्याची चूक हलत नाही. शेतकऱ्याचं नुकसान मात्र प्रत्येक गाडीला होतं.

फंडात हा एक किलो म्हणजे खर्च, तो रोज थोडाथोडा एनएव्हीतून वजा होतो. एकाच योजनेचे डायरेक्ट आणि रेग्युलर प्लॅन ताडून बघा. पोर्टफोलिओ एकच, म्हणून एरर जवळपास सारखाच. परतावा मात्र रेग्युलरचा कमी.

आता रेशो. वरचा आकडा उणे असला की खालचा एरर वाढेल तसा रेशो शून्याकडे सरकतो. म्हणजे गचाळ चालवलेल्या फंडाला बक्षीस. 'ब' परताव्यात मागे आणि डगमगण्यातही पुढे, तरी रेशोत 'सरस' दिसतो तो एवढ्यामुळेच.

चोपडा_जुना: माझ्या निफ्टी फंडाचा रेशो तर अधिक येतो. तीन वर्षांचा हिशोब मांडलाय. फंड निर्देशांकाला हरवतोय, मग उणे कुठून आणता?

शिरपूर_हिशोब: आप्पा, तुलना कोणत्या आकड्याशी केलीत? टीव्हीवर दिसणाऱ्या निफ्टीत लाभांश धरलेला नसतो, तुमच्या फंडाला मात्र तो मिळतो. तो साधारण सव्वा टक्का धरला, तर 0.30 मागे असलेला फंडही 0.95 पुढे दिसतो. 'Nifty 50 TRI' घ्या. फेब्रुवारी 2018 पासून फंडांनाही तुलना टीआरआयशीच दाखवावी लागते.

चोपडा_जुना: साधाच निफ्टी घेतला होता. पुन्हा मांडतो.

भुसावळ_जंक्शन: ताई, रेशोला एकदम मोडीत काढू नका. उणे 6 म्हणजे फंड सहापट वाईट, असा अर्थ नाहीच. तूट चढउताराच्या सहापट आहे, म्हणजे ती योगायोगाची नाही, खर्चाची आहे आणि पुढच्या वर्षीही जवळपास तेवढीच राहील. 'ब'च्या 0.60 बद्दल तसं छातीठोक सांगता येत नाही. एरर 0.40 आहे, पुढच्या वर्षी तूट 0.20 येईल किंवा 1 टक्काही. त्या अर्थाने रेशो वाचा, क्रमवारी लावायला वापरू नका.

शिरपूर_हिशोब: हे मान्य. पण 'ब'चा 0.40 आला कुठून, ते आधी तपासा. रोजचा फरक, फंडाचा परतावा वजा टीआरआयचा, D रकान्यात टाका:

```
=STDEV.S(D2:D251)*SQRT(250)
```

मग D रकाना डोळ्यांखालून घाला. एका दिवशी उणे 0.50, दुसऱ्या दिवशी अधिक 0.50 आणि बाकी 248 दिवस शून्य असले तरी एरर 0.71 येतो, वर्षाचा फरक मात्र जवळपास काहीच नाही. अशी उलटसुलट जोडी दिसली की बहुतेक वेळा तारीख एका ओळीने सरकलेली असते. ईटीएफचा बाजारभाव एनएव्हीच्या जागी घेतला तरी असंच होतं.

भुसावळ_जंक्शन: आणि जोडी नसेल तर? मोठी रक्कम आली, फंडाचे 5 टक्के रोख पडून राहिले आणि त्या दिवशी बाजार 2 टक्के चढला, की 0.10 टक्के गेले ते गेलेच. लाभांशाचंही तसंच. टीआरआय तो एक्स-डेटलाच गुंतवतो, फंडाच्या हातात पैसे नंतर येतात. ही कामकाजाची ढिलाई एररमध्येच दिसते, वर्षाच्या एका फरकात झाकली जाते. म्हणून मी एरर आधी बघतो. सेबीची मर्यादा 2 टक्के आहे, पण निफ्टी 50 सारख्या सहज खरेदी होणाऱ्या शेअर्ससाठी ती फारच सैल.

शिरपूर_हिशोब: पंधरा वर्षं एसआयपी चालवणाऱ्याचे असे चढउतार बऱ्याच अंशी एकमेकांत जिरतात, खर्च जिरत नाही. मी तीन आणि पाच वर्षांचा डिफरन्स आधी बघेन.

भुसावळ_जंक्शन: रोखीतली तूट चढत्या बाजारात जिरत नाही, साठत जाते. तिथे आपलं जुळणार नाही.

धरणगावकर: 'ब'चा D रकाना काढला. जोडी एकही नाही. सप्टेंबरअखेर निर्देशांकातले शेअर बदलले, त्या आठवड्यात सलग चार दिवस उणे आहेत. मार्चअखेरचा बदल आता बघतो.