मदत हवी आहे: जुन्या प्रतीवरून लाइटनिंग नोड सुरू करावा का?

चेंबूरचा_नोडवाला
माझ्या घरी रास्पबेरी पायवर चालणाऱ्या एलएनडी नोडची एसएसडी निकामी झाली आहे. हाती तीन गोष्टी उरल्या आहेत: वॉलेटचे 24 शब्द, पेन ड्राइव्हवरची `channel.db` ची महिनाभर जुनी प्रत, आणि दुसऱ्या संगणकावर आपोआप जाणारी `channel.backup` ही फाइल.

मुख्य चॅनेल 5,00,000 सातोशींचे असून ते मीच उघडले होते. शुल्क बाजूला ठेवल्यास, पेन ड्राइव्हवर प्रत घेतली त्या वेळी माझ्याकडे 4,20,000 आणि समोरच्या नोडकडे 80,000 होते. त्यानंतर मी लहानलहान देयकांतून 2,90,000 पाठवले, म्हणजे माझा हक्क आता 1,30,000 वर आहे. ही देवघेव साखळीबाहेर झाल्यामुळे बिटकॉइनच्या मुख्य साखळीवर तिची नोंद नाही. मग जुनी प्रत चालवून चॅनेल बंद केल्यास नेमके काय होईल? मला जास्तीचे काही नको, स्वतःचे 1,30,000 परत मिळाले तरी पुरे.

पार्लेकर
सरळ जुनी प्रत चालवा. माझ्याकडे असे घडले तेव्हा नोड पुन्हा जोडला जाताच समोरच्या नोडने आपली स्थिती पुढची असल्याचे कळवले, माझ्या नोडने स्वतःहून काही प्रसारित केले नाही आणि पैसे परत आले.

गिरगावची_वाचक
माझ्या नोडवर पैसे येतच नाहीत, फक्त जातात. हा त्यातलाच प्रकार आहे का?

साखळी_अभ्यासक
गिरगावच्या ताई, तुमच्या चॅनेलमध्ये सगळी शिल्लक तुमच्याच बाजूला असावी, त्यामुळे येणाऱ्या पैशांना जागा नाही. काही रक्कम खर्च करा म्हणजे तेवढी जागा होईल. तो प्रश्न वेगळा आहे.

चेंबूरकर, जुनी `channel.db` अजिबात चालवू नका. पार्लेकरांनी सांगितलेली सूचना समोरचा नोड देतो हे खरे आहे, परंतु त्यासाठी तो त्या क्षणी चालू असावा लागतो. शिवाय जुन्या प्रतीत एखादे देयक अर्धवट अवस्थेत नोंदले गेले असेल आणि त्याची मुदत उलटून गेली असेल, तर तुमचा नोड कोणालाही न विचारता ती जुनी स्थिती साखळीवर नेऊ शकतो.

तसे झाल्यास काय होते ते तुमच्याच आकड्यांवर पाहा. जुन्या स्थितीवर दोघांच्याही सह्या असल्यामुळे साखळीच्या दृष्टीने ती वैधच आहे. समोरच्याचे 80,000 त्याला जवळजवळ लगेच मिळतील, पण तुमचे 4,20,000 ठरलेल्या ब्लॉकांपर्यंत अडकून राहतील; ती मुदत 144 ब्लॉक, म्हणजे साधारण एक दिवस, किंवा त्याहून बरीच मोठी असू शकते. दरम्यान, पुढचे प्रत्येक देयक करताना तुमच्या नोडने आधीच्या स्थितीचे रद्द करण्याचे गुपित समोरच्याला दिलेले आहे. ते वापरून तो अडकलेले 4,20,000 ही उचलेल आणि तुमच्या हक्काचे 1,30,000 त्यात जातील. तुमचा हेतू प्रामाणिक होता की नव्हता, हे साखळी तपासत नाही.

म्हणून 24 शब्दांवरून नवे वॉलेट तयार करा, नोड पूर्ण समक्रमित होऊ द्या आणि मग हे चालवा:

```
lncli restorechanbackup --multi_file channel.backup
lncli pendingchannels
```

या फाइलमध्ये शिल्लक नोंदलेली नसते, केवळ चॅनेल कोणाशी आणि कुठे आहे एवढेच असते, त्यामुळे देयके झाली म्हणून ती शिळी होत नाही. तुमचा नोड समोरच्याला आपली माहिती हरवल्याचे कळवतो आणि तो स्वतःकडची ताजी स्थिती प्रसारित करून चॅनेल बंद करतो. रद्द करण्याची मुदत बंद करणाऱ्याच्या रकमेवर लागते, तुमच्यावर नाही. मात्र चॅनेल तुम्ही उघडल्यामुळे त्या व्यवहाराचे शुल्क तुमच्या वाट्यातून कापले जाईल.

पार्लेकर
अर्धवट देयकाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण माहिती हरवली हे समोरच्याला सांगणे धोक्याचे नाही का? त्याने स्वतःला फायद्याची जुनी स्थिती प्रसारित केली तर?

साखळी_अभ्यासक
तो धोका आहे, आणि त्या वेळी शिक्षा करण्यासाठी लागणारी गुपिते चेंबूरकरांकडे नसतील. आधीपासून वॉचटॉवर जोडलेला असता तर त्याने ते काम केले असते. पण इथे त्यांची शिल्लक सतत घटत गेली आहे, म्हणजे जुन्या स्थितींत समोरच्याचा वाटा कमीच होता. तसे केल्यास तोटा त्याचाच. शिल्लक वरखाली होणाऱ्या चॅनेलबाबत मी इतक्या निश्चिंतपणे बोललो नसतो.

चेंबूरचा_नोडवाला
फाइल चालवली. मुख्य चॅनेल समोरून बंद झाले असून शुल्क वजा जाता माझी रक्कम वॉलेटमध्ये आली आहे. परंतु ठाण्यातल्या एका परिचिताशी असलेले दुसरे छोटे चॅनेल अजून `waiting_close_channels` खालीच दिसते. त्यांचा नोड बरेच दिवस बंद आहे.

साखळी_अभ्यासक
तिथे फाइलचा उपयोग संपतो, कारण बंद करण्याचा व्यवहार समोरूनच यायला हवा. त्यांना फोन करून नोड एकदा चालू करायला सांगा आणि तोवर तुमचा नोड सुरू ठेवा. त्यांचीही डिस्क गेली असेल, तर दोघांच्या संमतीने `chantools` वापरून नवा व्यवहार सही करता येतो, पण मग कोणाचे किती हे तुम्हा दोघांना बोलूनच ठरवावे लागेल.